‘पोरगी घरी’चं इंग्रजी

“संजीवनी, तेच शब्द पुन्हा म्हण, लाजू नको. पहिल्यांदा लोकायले नुसता आवाज ऐकू येते. तिसऱ्यांदा आत उतरते.” जानेफळच्या शाळेत प्रेमानंद सर बजावायचे. मी मान डोलवायची. पुढे कॉलेजात एकच शब्द दोनदा आला की पेपरात लाल रेघ यायची, तेव्हा सरांचं म्हणणं गावंढळ वाटायला लागलं.

मध्यंतरी माझ्या सातवीतल्या लेकीनं, मनालीनं, वादविवादाचं भाषण मराठीत लिहिलं. विषय, खेड्यातल्या लहान शाळा बंद कराव्यात का. ती विरोधात बोलणार होती. स्पर्धा इंग्रजीत, म्हणून भाषांतर मी करून द्यायचं.

‘पाऊस आला, पोरगी घरी. एसटी चुकली, पोरगी घरी. धाकटा तापला, पोरगी घरी. दरवेळी पोरगीच घरी.’

ओळी माझ्याच! जानेफळच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मी त्या म्हटल्या, तेव्हा सतरंजीवरच्या बाया तिसऱ्या खेपेला माझ्यासोबत म्हणायला लागल्या होत्या. पोळ्या लाटताना ती गोष्ट मी मनालीला कितीदा तरी सांगितलीय.

तरी इंग्रजी करताना मी सगळं नीटनेटकं केलं. एकदा ‘स्टेज ॲट होम’ म्हणजे घरी राहते, एकदा ‘मिसेस स्कूल’ म्हणजे शाळा बुडते, एकदा ‘इज ॲबसेंट’. मनाली म्हणायला उभी राहिली आणि दुसऱ्याच वाक्याला अडली. मागच्या वर्षी अशीच अडून स्टेजवरून रडत उतरली होती.

“आई, काऊन बदलवलं वं? दरवेळी नवं आठवा लागते मले.”

“इंग्रजीत तेच तेच बरं दिसत नाही, बेटा.”

“मंग तुह्या त्या बाया काय म्हणतीन? मिसेस स्कूल?”

मला हसू फुटलं. पेन घेतलं. ‘इट रेन्स, द गर्ल स्टेज होम. नो बस, द गर्ल स्टेज होम. बेबी हॅज फीव्हर, द गर्ल स्टेज होम.’ मधला ‘ॲट’ ठेका मोडत होता, काढून टाकला. ‘पोरगीच’मधल्या ‘च’ला मात्र जोड सापडेना. शेवटी वेगळंच वाक्य केलं, ‘ऑलवेज द गर्ल’, आणि तिला सांगितलं, “याच्या आधी थांबायचं. श्वास घ्यायचा.”

स्पर्धेच्या दिवशी चिखलीच्या हॉलमध्ये मी पर्सचा पट्टा पिळत बसले. तिसऱ्या खेपेला मागच्या बाकांवरच्या पोरी तिच्यासोबत ओरडल्या, “द गर्ल स्टेज होम!” मला एकदम सतरंजीवरच्या बाया दिसल्या, कोपऱ्यात उभे प्रेमानंद सर दिसले. मनाली थांबली. श्वास घेतला. “ऑलवेज द गर्ल.” शेवटपर्यंत कुठेही अडली नाही.

टाळ्या ओसरल्यावर पुढचं नाव पुकारलं, “जयमाला, उंद्री.” पुन्हा पुकारलं. कोणी उठेना. तिच्या मॅडम हळूच म्हणाल्या, “तिच्या आईले दवाखान्यात नेलं. लहान भावापाशी थांबली ते.”

मनाली माझ्याकडे बघत राहिली.

तुम्ही उंद्रीकडचे असाल, तर जयमालाच्या घरी जरा डोकावून याल का? ती पुन्हा शाळेत जायला लागली का, तेवढं बघा.