नलू मागे

आत्याबाईंच्या आईचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला, आणि त्या दिवसापासून आत्याबाई त्याच्यासमोर जेवायला बसेनात.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, अनुसयाबाई. वय चौसष्ट. त्यांची आई रुख्माबाई एकोणीसशे अठराच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत गेली, तेव्हा त्या अंगावर पीत होत्या. वडिलांनी वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. सावत्र माय वाईट नव्हती, पण पहिलीचं नाव घरात निघू नये अशी तिनं सोय केली होती. आईचं तोंड कसं होतं हे आत्याबाईंना कोणी सांगितलं नाही. तरी दरवर्षी अविधवा नवमीला त्या आईच्या नावानं एक सवाष्ण जेवू घालत. वडील गेल्यावर ही नवमी करत नाहीत असं एका भटजींनी सांगून पाहिलं. त्यांना पुन्हा आमच्या घरी चहा मिळाला नाही.

“पानापुढे कोनाले बसवू?” त्या म्हणायच्या. “नाव हाय, तोंड नाई.”

ब्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात त्यांचे सावत्र भाऊ बबनराव तळेगावहून आले आणि पिशवीतून एक जुना फोटो काढून दिला. घराचा माळा उतरवताना थोरल्या मायच्या, म्हणजे रुख्माबाईंच्या पेटीत, लुगड्यांखाली सापडला होता. मागे रंगवलेला पडदा, त्यावर खांब आणि कुंडी. एका बाजूला पगडीवाला पुरुष. त्याच्या तोंडाला कसर लागून तिथे नुसतं पांढरं भोक. मध्ये खुर्चीवर ठसठशीत बाई, मांडीवर कुंचीतलं लेकरू झोपलेलं. खुर्चीच्या मागे आणखी एक मुलगी उभी, पण ती हलली होती. एकाच मानेवर दोन चेहरे असावेत आणि दोन्ही पुसलेले, तसं काहीतरी. पाहिलं की नजर आपोआप खुर्चीवर यायची.

“मांगं लिवलं हाय,” बबनराव म्हणाले. “दादा, वहिनी. आपले दादा, न् ही तुयी माय. काकानं लिवलं असन.”

अण्णाजींना, म्हणजे आत्याबाईंच्या वडिलांना, घरात सगळे दादाच म्हणत. सरळ होतं. बबनरावांनी तर ‘दादा वहिनी’ हे दोन पुसट शब्द निळ्या बॉलपेनानं गिरवूनही आणले होते, बहिणीला वाचायला सोपं जावं म्हणून. पुढे कुठे ‘नलू’ लागत होतं. ती कोणी तरी नणंद असेल, असं ठरलं.

वर्ध्याचे फोटोवाले वासुदेवराव यांच्याकडून खुर्चीवरच्या बाईंचा फोटो मोठा करून घेतला. लेकरू कापायला सांगितलं. हार घालायच्या फोटोत जितं माणूस नको, असं आमच्यात मानतात, आणि ते लेकरू तर आमच्याच घरात बाजेवर बसून शेंगा सोलत होतं. वासुदेवरावांनी कापलं. तरी खाली कोपऱ्यात कुंचीचं टोक राहिलंच.

आणि मग हे सुरू झालं. आधी आत्याबाईंनी पाट फिरवला. मग ताट स्वयंपाकघरात नेलं. एकदा मी भाकरी टाकत होते, तर मागून आवाज आला, “कांता, ती मले काऊन पाहून राह्यली वं?”

“आई आहे. पाहणारच.”

“माय अशी पाहते? जशी शेजारीण पाहून राह्यली, आपलं लेकरू घेऊन जायले केव्हा येता म्हनून.”

मी हसले. पण संध्याकाळी दिवा लावायला गेले तेव्हा मलाही तसंच वाटलं. बाईंचं तोंड चांगलं होतं, शांत होतं, फक्त ते कोणाचीच वाट पाहत नव्हतं. घरात कोणी परका पाहुणा उतरला की आपण पदर सारखा करतो, तशी मी त्या खोलीत पदर सारखा करू लागले.

नवमी जवळ आली. फोटोखाली नाव आणि साल रंगवून घ्यायचं राहिलं होतं. साल मागे पेन्सिलीनं होतं, पण अर्धं. आत्याबाई म्हणाल्या, “जा, नीट वाचून आन. नाव लिवलं का बसन ती जागेवर.”

मी मूळ फोटो घेऊन वासुदेवरावांच्या दुकानात गेले. गोष्टी पाठीमागून उलगडायची मला आवडच आहे. शाळा चौथीत सुटली, पण पुड्यांचे कागद वाचल्याशिवाय मी कधी फेकले नाहीत.

“वहिनी, ओलं बोट लावू नका,” वासुदेवराव म्हणाले. “आणि यावर कोणी पेन चालवला?”

“मामांनी.”

“हातपाय बांधून ठेवायला पाहिजे होतं मामांना.”

त्यांनी वरची ट्यूब बंद केली, टेबलावरचा दिवा आडवा केला आणि फोटो पालथा धरून उजेडाच्या कडेला हळूहळू फिरवला. पेन्सिलीचं शिसं एका कोनात चमकायचं. जिथे शिसं झिजून गेलं होतं तिथे दाबलेल्या टोकाचे खळगे उरले होते, आणि आडव्या उजेडात त्यांची सावली पडत होती. भिंग माझ्या हातात होतं. त्यांनी एक अट घातली: दिसेल तेवढंच लिहायचं, वाटेल ते नाही. गेलेल्या अक्षराला टिंब.

कोऱ्या कागदावर मी लिहिलं:

दादा वहिनी मां . वर न . ची मु . . नलू मागे श्रा शु ५ शके १८४ .

“मांडीवर,” मी म्हणाले.

“मधला ‘डी’ दिसला?”

“नाही. पण मांडीवर लेकरू दिसतंय.”

“मग खाली वेगळ्या ओळीत लिहा. वरच्यात टिंबच राहू द्या.”

शेवटचा आकडा फोटोच्या कोपऱ्याबरोबरच मोडून गेला होता. आता या शब्दांच्या तीन राशी करायच्या होत्या: नावं, नाती, तारीख. तारखेची रास झाली. नावांच्या राशीत टाकायला गेले, तर एकच दाणा निघाला: नलू. बाकी सगळी नाती. साऱ्या ओळीत रुख्माबाई कुठेच नव्हती.

“हे वहिनी आहे ना, ही आमच्या आत्याबाईंची आई,” मी म्हणाले.

“कशावरून?”

“दादांची बायको म्हणून.”

“वहिनी, मी तुम्हाला वहिनी म्हणतो. उद्या हा कागद कोणाला सापडला, तर तुमच्या सासूबाईंनी तुम्हाला वहिनी म्हटलं असं होईल का?”

मी भिंग खाली ठेवलं. नाव कोणीही वाचावं, पण नातं लिहिणाऱ्याच्या तोंडून वाचावं लागतं. दादा कोणाचे? वहिनी कोणाची? काकानं लिहिलं हे आम्ही ठरवलं होतं. कागद तसं म्हणत नव्हता.

“श्रावण शुद्ध पंचमी,” वासुदेवराव मोठ्यानं वाचत होते.

नागपंचमी. पहिल्या बाळंतपणानंतरची लेक नागपंचमीला सासरी तळेगावात कशाला राहील? तिला भाऊ येऊन घेऊन जातो. हिंगणघाटला, गिरणीत नोकरीला असलेल्या भावाकडे; आईच्या माहेराबद्दल आत्याबाईंना तेवढंच ठाऊक होतं. तिथे फोटोवाला असतो, त्याच्याकडे रंगवलेला पडदा असतो. आणि फोटो मग तिच्याच पेटीत, लुगड्यांखाली राहतो, कारण तो माहेरचा असतो.

लिहिणारा धाकटा भाऊ. त्याचे दादा, त्याची वहिनी. आणि बहीण? तिला तो सासरचं नाव कशाला घेईल? रुख्माबाई हे नाव तळेगावात मांडवाखाली ताटातल्या तांदळात लिहिलं गेलं. माहेरी ती जी होती तीच राहणार.

मी टिंबं पुन्हा पाहिली. न, मग एक गेलेली जागा, मग ‘ची’. वासुदेवरावांनी दिवा आणखी आडवा केला. त्या जागेत उकाराचा बाक निघाला, ‘नलू’मधल्यासारखाच, त्याच हाताचा, खाली उगाच लांबवलेला.

“नलूची मुलगी,” मी म्हणाले. “वहिनीच्या मांडीवर नलूची मुलगी. नलू मागे.”

वासुदेवरावांनी फोटो सुलटा केला. आम्ही दोघांनी खुर्चीच्या मागे पाहिलं.

सालाचं मग भांडण उरलं नाही. आत्याबाईंचा जन्म फाल्गुनातला. त्याच्या पुढच्या श्रावणात लेकरू कुंचीत मावेल एवढं, आणि त्याच वर्षीच्या कार्तिकात आई गेली. पुढचा श्रावण नलूला नव्हताच. शके अठराशे चाळीस, म्हणजे इंग्रजी अठरा साल. फोटोमागच्या आकड्यांवरून नाही, मांडीवरच्या लेकरावरून शून्य भरलं. तरी कागदावर मी टिंबच ठेवलं, आणि शून्य खाली लिहिलं.

घरी येऊन मी आत्याबाईंना सगळं क्रमानं सांगितलं. त्यांनी फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला.

“नलू,” त्या म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे नाव पहिल्यांदा निघत होतं. “इचं तोंड कुठं हाय वं?”

“हलल्या त्या.”

“काऊन हलली?”

मला ठाऊक होतं, कारण एक चेहरा कॅमेऱ्याकडे होता आणि दुसरा, त्याहून पुसट, खाली खुर्चीकडे. “लेकराकडे पाहिलं असेल. झोपमोड होईल की काय म्हणून.”

आत्याबाईंनी फोटो मांडीवर ठेवला. मग भिंतीकडे बोट केलं. “माह्या मामीले हार घातला मी. जिती होती का मेली होती, कोनाले मालूम. उतरव.”

मी खिळ्यावरून फोटो उतरवला आणि भिंतीला टेकवून उलटा ठेवू लागले.

“तोंड फिरवू नोको. तिनं मांडीवर घेतलं व्हतं मले.”

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः माझ्यासोबत वर्ध्याला आल्या. वासुदेवरावांनी खरं ते सांगितलं. एवढासा चेहरा मोठा केला की त्याबरोबर हललेलंही मोठं होतं. डोळे-नाक मिळणार नाहीत. पण ब्रशनं बारीक काम करता येतं; भुवया, डोळ्यांची रेघ, ओठ. पुष्कळ लोक करून घेतात. छान बाई होईल.

“कोनची बाई होईल?” आत्याबाईंनी विचारलं.

वासुदेवराव ब्रश पुसत राहिले.

“मंग नोको. एक परकी पोसली मी तीन महिने. जशी हाय तशी दे. आन् लेकरू कापू नोको.”

“आत्याबाई, हाराच्या फोटोत जितं माणूस—” मी म्हणाले.

“तिनं ज्याच्यासाठी मान हलवली तेच कापतं का तू?”

फोटो नवमीच्या आदल्या दिवशी आला. जवळून पाहिला तर धूर. दोन राखाडी डाग, केसांची रेघ, खाली कुंचीत झोपलेलं लेकरू मात्र स्वच्छ, पापण्यांसकट. मला रडू आलं ते लपवायला मी पानं धुवायला गेले. एवढी उठाठेव करून मी म्हातारीला धूर आणून दिला होता.

नवमीला शेजारच्या प्रमिलाबाई सवाष्ण म्हणून जेवायला आल्या. आत्याबाईंनी फोटोला कुंकू लावायला हात वर केला आणि तो तसाच थांबला, लावायचं कुठे? मग त्यांनी कुंकू चौकटीच्या लाकडाला लावलं. फोटोकडे तोंड ठेवूनच मागे सरकत त्या दारापर्यंत आल्या, आणि उंबऱ्याला टाच लागून थांबल्या.

“कांता. इकडं ये.”

मी गेले. त्यांनी माझं मनगट धरून मला आपल्या जागेवर उभं केलं. दारातून, एवढ्या लांबून, धूर आळून आला होता. कपाळ, गालाची उतरण, आणि खाली झुकत असलेली मान. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी, आत्ताच काहीतरी ऐकून वळल्यासारखी. मी एक पाऊल पुढे टाकलं. ती गेली. मागे आले. आली.

“जवळ गेलं का जाते,” आत्याबाई हळूच म्हणाल्या, जसं कोणी झोपलं असावं.

त्यांनी आपला पाट दारापाशी ओढून घेतला आणि ताट तिथेच मागितलं.