लोंबकळत्या ओझ्याचे ठिपके

भोसरीत एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर रविराजचा ॲनिमेशन स्टुडिओ आहे. चाकणच्या कारखान्यांना तो सुरक्षेच्या फिल्म करून देतो. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, हा रविराजचा धर्म. गिऱ्हाइकाची एक सूचना आली, तर रविराजच्या ऑफिसात शॉटमध्ये एक नवी ‘की’ पडायची. की म्हणजे अमुक फ्रेमला वस्तू अमुक जागी असलीच पाहिजे, असा ठोकलेला खिळा.

आता हाती असलेल्या शॉटमध्ये क्रेन अचानक थांबते आणि साखळीला टांगलेला लोखंडी साचा हेलकावे खातो. तो करणारी ॲनिमेटर विजयश्री दापोडीहून येते. एकटीने केलेला हा तिचा पहिलाच शॉट. कारखान्याचे सेफ्टी ऑफिसर दादासाहेब तो दोनदा बघून गेले होते.

पहिल्यांदा ते म्हणाले, "साचा जमिनीवरच्या लाल पट्ट्यावर आला की जरा थांबव. मान्सं तिथं उभी ऱ्हातात, त्यांना कळाय पायजे." रविराजने लगेच तळाशी एकसारख्या दोन की टाकायला लावल्या. दुसऱ्यांदा म्हणाले, "अजून जरा खाली आन." साचाही हाताने खाली ओढला गेला.

आता दादासाहेब तिसऱ्यांदा येणार होते.

"साचा आधी तरंगतो, मग हिसका मारतो," रविराज म्हणाला. "आज पास झाला नाही तर शॉट सनीकडे. वाईट वाटून घेऊ नकोस."

वाईट वाटून घेऊ नकोस म्हणणाऱ्या माणसाने ते वाटण्याची सगळी सोय आधीच केलेली असते. स्टुडिओतला दुसरा ॲनिमेटर सनी खुर्ची तिच्याशेजारी सरकवून बसलाच होता. "मी काहीच बोलत नाही हां," तो दोनदा म्हणाला.

विजयश्रीने साच्याचा मोशन पाथ काढला. साचा ज्या वाटेने जातो ती रेषा पडद्यावर उमटली आणि रेषेवर प्रत्येक फ्रेमला एक ठिपका. टांगलेल्या वस्तूची वाट कमानीसारखी गोल हवी. इथे तळाशी कोपरा आला होता, वाटीला पोचा पडावा तसं. त्या कोपऱ्याजवळ ठिपक्यांची दाटी, दोन तर एकावर एक. पलीकडे मात्र एवढी मोकळी जागा की मधले ठिपके कुणी पुसले असावेत असं वाटावं.

"सर, इथे साचा आधी मंदावतो नि थांबतो, म्हणून तरंगतो. पलीकडच्या टोकाची वेळ तीच आहे, मग उरलेलं अंतर थोड्या फ्रेममध्ये कापतो. तो हिसका."

"मग टोकाची वेळ पुढे ने."

"मग हिसका जाईल, तरंगणं राहील. तळातल्या कीच काढते."

"त्या दादासाहेबांच्या आहेत!"

"साचा पण त्यांचाच आहे, सर."

सनी हसला आणि खोकला आल्याचं दाखवलं.

तिने तळातल्या की पुसल्या. साचा खाली ओढल्याचीही पुसली. फक्त दोन टोकांच्या ठेवल्या आणि साचा साखळीच्या वरच्या कडीभोवतीच फिरवला. रेषा होती तशीच.

"बघ! काही फरक नाही. त्या की परत टाक," रविराजचा जीव भांड्यात पडला.

"ही जुनी रेषा आहे. परत मोजायला लावावी लागते." तिने पाथ अपडेट केला. कमान गोल झाली. दोन्ही टोकांना ठिपके दाट, तळाकडे येताना विरळ, अगदी तळाशी सर्वांत लांब. पुढचा प्रत्येक हेलकावा तिने थोडा लहान केला, वेळ मात्र तेवढाच ठेवला.

दादासाहेब आले, चहा नको म्हणाले आणि प्याले. शॉट बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पट्ट्यावर थांबत न्हाई हा. मी सांगितलं व्हतं ना?"

रविराज घाईने म्हणाला, "लगेच टाकतो, दादासाहेब—"

"जुनाही बघता का?" विजयश्रीने जुनी फाइल उघडून दोन्ही वाटा शेजारी लावल्या. "हा मधे थांबणारा. टांगलेला साचा कधी असा तळाशी थांबलेला बघितलाय का तुम्ही?"

दादासाहेब ठिपक्यांवरून बोट फिरवत राहिले. "तळाला तर लई जोरात असतो तो," ते सावकाश म्हणाले. "पर मग पट्टा कसा दिसनार मान्सांना?"

"पट्टा आधीच दिव्यासारखा पेटवू. क्रेन थांबायच्या आधी. साचा यायच्या आत माणूस बाहेर पडताना दाखवू. थांबणारा साचा दाखवला तर माणसं म्हणतील, थांबतो तेवढ्यात निघू."

दादासाहेबांनी नवा शॉट पुन्हा लावायला सांगितला. साचा तळातून सुसाट गेला तशी त्यांनी नकळत मान मागे घेतली.

"हां," ते म्हणाले. "मी पयल्यापासून हेच म्हनत व्हतो. थांबवायचा न्हाई."

रविराज म्हणाला, "अगदी बरोबर, दादासाहेब."

शॉट पास झाला होता. श्रेय दादासाहेबांनी चाकणला नेलं तरी फाइल विजयश्रीच्याच मशीनवर राहणार होती.

दादासाहेब जिना उतरल्यावर रविराज सनीकडे वळला. "तू कारखान्याच्या फाटकाचा शॉट घे. क्रेनचे पुढचे दोन्ही विजयश्री करेल."

सनीने खुर्ची परत आपल्या टेबलाशी नेली. पट्टा आधी पेटवायचं तिने कबूल केलं होतं. ते काम तिने लगेच उघडलं.