विभागप्रमुखांनी मागितलेला पासवर्ड

नोटीस एका पानाची होती. योगिनी शिवलकरने ती प्रयोगशाळेच्या दारातच उभं राहून दोनदा वाचली.

'दिनांक चौदा रोजी दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी आपल्या लॉगिनवरून वैयक्तिक ईमेलमधील फाइल उघडण्यात आली. त्यामुळे प्रयोगशाळेच्या सामायिक फोल्डरमधील फाइल्स निकामी झाल्या. संगणक व इंटरनेट वापर धोरणातील कलम चार आणि सहा यांचा भंग केल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत करावा.'

चौदा तारखेला तीन वाजता ती कुठे होती, हे अख्ख्या प्लांटला ठाऊक होतं. कोळंबीच्या लॉटचे नमुने घ्यायला ती खाली फ्रीझिंग हॉलमध्ये होती. अंगात जाड जॅकेट, डोक्याला टोपी, पायात गमबूट. संगणकाच्या जवळपासही नव्हती.

मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या त्या मासळी निर्यात कंपनीत योगिनी सहा वर्षं होती. प्रत्येक लॉटचे तपासणी अहवाल तयार करायचे, ते सिस्टिममध्ये चढवायचे आणि परदेशी खरेदीदाराच्या संकेतस्थळावर भरायचे, हे तिचं काम. त्यासाठी तिच्या लॉगिनला इंटरनेट पूर्ण उघडं होतं. बाकीच्यांना खाजगी मेल वगैरे दुपारी एक ते दोन एवढ्यातच बघता यायचं, तेही मोजक्या साइट्सवर. धोरणात तसंच लिहिलेलं होतं. अकरा पानांचं इंग्रजी धोरण. जानेवारीत सगळ्यांना हॉलमध्ये बसवून अर्धा तास वाचून दाखवलं होतं आणि चहाच्या आधी सह्या घेतल्या होत्या.

पासवर्डची गोष्ट जूनमधली. आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि योगिनीने चार दिवसांची रजा घेतली होती. दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या बाकावर ती बसलेली असताना विनीत सावंतांचा फोन आला. ते तिचे विभागप्रमुख.

"योगिनी, कंटेनर उभा आहे. अहवाल तुझ्याच आयडीत अडकलेत. पासवर्ड सांग."

"सर, आयटीच्या सर्वेशना सांगून तुमच्या आयडीला अधिकार घेता येईल ना?"

"त्याला दोन दिवस लागतात. मी काय परका माणूस आहे? सांग लवकर."

तिने सांगितला. बाकावरून, आजूबाजूची माणसं ऐकत असताना, एकेक अक्षर सुटं करून. मग रजेवरून आल्यावर ती पासवर्ड बदलायला निघाली, तर सावंत म्हणाले, "राहू दे गं. पुन्हा लागला तर? दर वेळी फोन कुठे करत बसू?" तिने त्याच दिवशी सर्वेशला मेल टाकला, की रजेच्या काळात दुसऱ्याला आपापल्या आयडीवरून हे काम करता यावं अशी सोय करा. उत्तर आलं, 'विभागप्रमुखांची मंजुरी लागेल.' मंजुरी आली नाही. सप्टेंबरमध्ये सिस्टिमने पासवर्ड बदलायला लावला, तेव्हा सावंतांनी नवा मागून घेतला. तोही तिने दिला. देताना जिवावर आलं होतं, पण दिला.

आणि आता ही नोटीस.

ती तडक सर्वेशच्या खोलीत गेली. कंपनीचं सगळं संगणकाचं काम तो एकटा बघायचा. चौदा तारखेला त्यानेच पळत जाऊन नेटवर्कच्या वायरी उपसल्या होत्या आणि आदल्या दिवशीच्या बॅकअपवरून फोल्डर परत आणला होता. त्या एका दिवसाचे अहवाल मात्र गेले. योगिनीने आणि दोन मुलींनी ते वहीतून बघून पुन्हा टाइप केले होते.

"कुठल्या संगणकावरून उघडली ती फाइल?" तिने विचारलं.

सर्वेशने स्क्रीनवरची नजर काढली नाही. "अहवालात लिहिलंय मी."

"नोटिशीत तर नाहीय."

"माझा अहवाल त्या त्या विभागप्रमुखांमार्फत जातो. पुढे त्यांनी एचआरला काय कळवलं, मला माहीत नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

त्याने खुर्ची तिच्याकडे वळवली. "योगिनी, लॉग असा कुणाला दाखवता येत नाही. तेही धोरणातच आहे. मी तुला दाखवला, तर पुढची नोटीस मला."

तिला रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता. ज्याने तिच्या नावाने दार उघडलं, त्याचं नाव एका फाइलीत होतं. ती फाइल तिच्यापासून चार हातांवर होती आणि ती बघायची नाही असा नियम होता.

दुपारी एचआरच्या राजश्री मॅडमनी तिला बोलावलं. राजश्री वाईट बाई नव्हत्या. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"हे बघ, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून ड्रॉवरमध्ये ठेवला होता, कुणी वापरला कळत नाही, असं लिहून दे. निष्काळजीपणा म्हणून साधी समज देऊन मिटवू."

"पण मी चिठ्ठीवर लिहिला नव्हता, मॅडम. तो सावंत सरांनी मागितला होता."

"मेलवर?"

"फोनवर."

राजश्रींनी उसासा टाकला. "मग तेच सांगतेय मी. तुझ्याकडे पुरावा नाही. ते नाही म्हणाले की संपलं. वर, पासवर्ड दिलास हे तू स्वतःच कबूल करतेस. कलम सहा वाच. वरिष्ठांनाही देऊ नये, असं स्पष्ट आहे."

"मग वरिष्ठांनी मागू नये, असं कुठल्या कलमात आहे?"

राजश्रींनी धोरणाची प्रत तिच्यापुढे सरकवली.

ती घरी आली तेव्हा आई ओट्याशी बांगडे साफ करत होती. आईने, म्हणजे कमळाबाईंनी, तीस वर्षं मिरकरवाड्याला मासळी विकली होती. डोळा बरा झाल्यावर पुन्हा जायच्या गोष्टी करत होत्या. योगिनीने सगळं सांगितलं. त्यांना लॉगिन काय ते कळलं नाही, पण बाकीचं नीट कळलं.

"दिलास कशाला गो त्याला?"

"साहेब आहे तो, आई."

"साहेब असला म्हणून काय झालं? माझ्या पाटीतला मासा कुणी माझ्या नावाने विकला, तर वाईट निघाल्यावर गिऱ्हाईक माझ्याकडेच येणार ना?"

"तू सुद्धा मलाच बोल."

"तुला नको बोलू तर कुणाला? तो बसलाय का इथे?" कमळाबाईंनी हात धुतले. "चुकलीस तेवढं चुकले म्हण. त्याचं तू का डोक्यावर घेतेस?"

जेवणाआधी योगिनी ती अकरा पानं घेऊन बसली. पहिल्यांदाच सगळी वाचली. राग येत होता तो इंग्रजीचा नव्हे, जानेवारीत तो अर्धा तास आपण मोबाइल बघत बसलो होतो त्याचा. कलम चार: वैयक्तिक वापर जेवणाच्या सुट्टीत आणि मर्यादित, स्वतःचा धंदा चालवायला मनाई. कलम सहा: पासवर्ड. कलम आठ: कंपनीच्या संगणकावरच्या वापराची नोंद ठेवली जाते. कलम नऊ: भंग झाल्यास लेखी ताकीद, इंटरनेट बंद, गंभीर असेल तर निलंबन किंवा नोकरीवरून काढणं. आणि नवव्याच कलमात शेवटी दोन ओळी होत्या. कारवाईआधी कर्मचाऱ्याचं म्हणणं समितीने ऐकावं, आणि आवश्यक तेथे वापराच्या नोंदी मागवाव्यात.

तिने खुलासा मराठीतच लिहिला. जून आणि सप्टेंबर, दोन्ही वेळा पासवर्ड दिला हे लिहिलं. कुणी मागितला ते लिहिलं. माझी चूक मला मान्य आहे, असं लिहिलं. जूनचा मेल जोडला. आणि शेवटी: 'चौदा तारखेची नोंद कलम नऊप्रमाणे समितीने मागवावी, व कोणत्या संगणकावरून लॉगिन झाले ते पाहावे, ही विनंती.'

सोमवारी अकरा वाजता समिती बसली. कंपनीचे संचालक, राजश्री मॅडम आणि सर्वेश. सावंतांनाही बोलावलं होतं. ते योगिनीकडे न बघता खुर्चीवर बसले.

संचालकांनी खुलासा वाचला. "विनीत, पासवर्ड तू मागितलास?"

"सर, कामासाठी एकदा घेतला होता. जूनमध्ये. नंतर तिने बदलला असेल असंच मी धरून चाललो होतो."

योगिनी खुर्चीत पुढे सरकली. "सर, सप्टेंबरमध्ये तुम्हीच..."

"थांब," संचालक म्हणाले. "सर्वेश, नोंद."

सर्वेशने कागद पुढे केला. त्याचा आवाज कोरडा होता. "तीन वाजून बारा मिनिटांनी हे लॉगिन सावंत सरांच्या केबिनमधल्या संगणकावर चालू होतं. त्या वेळी योगिनीने फ्रीझिंग हॉलच्या दाराला कार्ड लावलेलं आहे, दोन पंचावन्नला आत, तीन चाळीसला बाहेर. सप्टेंबरपासून या लॉगिनने त्याच संगणकावरून एक वैयक्तिक मेल रोज उघडला गेलाय. आरे-वारेच्या होमस्टेच्या बुकिंगचा. पाहुण्याचं ओळखपत्र म्हणून आलेली फाइल उघडली आणि त्यातून हे झालं."

होमस्टे सावंतांच्या मेहुण्याचा होता. ते सगळ्यांनाच माहीत होतं. दिवाळीत त्याची पत्रकं त्यांनीच वाटली होती.

"हे पहिल्या अहवालात होतं?" संचालकांनी विचारलं.

"होतं, सर."

"माझ्यापर्यंत आलं नाही."

सावंत टेबलावरचा पेन उचलून पुन्हा ठेवत राहिले. "मेहुण्याला नेट वापरता येत नाही, सर," ते अखेर म्हणाले. "माझ्या आयडीवर ती साइट बंद होती."

"आणि जूनमध्ये हिने मागितलेली सोय?"

"मंजुरी माझ्याकडे होती. राहून गेली."

निर्णय दोन दिवसांनी आला. सावंतांना अंतिम लेखी ताकीद, तीन महिने इंटरनेट बंद, यंदाची वेतनवाढ थांबवलेली. आयटीचा अहवाल यापुढे थेट संचालकांकडे. रजेच्या वेळी दुसऱ्याला आपल्याच आयडीवरून काम करता येण्याची सोय सर्वेशने एका दुपारीत करून दिली. पाच महिने अडकलेलं काम, आणि वेळ लागला पाऊण तास.

योगिनीलाही लेखी ताकीद होती. एक वर्ष फाइलीत राहणारी.

"कमी करता आली नाही गं," राजश्री म्हणाल्या. "तू दिलास, हे तू स्वतःच लिहिलंस."

"लिहिलं नसतं, तर?"

"तर नोंद कुणी मागवलीच नसती."

योगिनीने सही केली. हे न्यायाचंच झालं, असं तिला वाटत होतं, आणि तरी ते सलत होतं. सहा वर्षांत तिच्या फाइलीत एक काळी रेघ नव्हती.

विभागप्रमुख अजून सावंतच होते. आता ते तिच्याशी बोलत नव्हते. केबिन दहा पावलांवर असून प्रत्येक गोष्ट मेलवर यायची, एचआरला प्रत जोडून, सुरुवातीला 'धोरणानुसार' असा शब्द. बर्फाच्या नमुन्याची बाटली कुठे ठेवावी, ते सुद्धा धोरणानुसार.

शुक्रवारी असा सातवा मेल आला. योगिनीने तो वाचला, बाटली त्यात लिहिलेल्या फडताळात ठेवली, 'ठेवली' एवढंच उत्तर टाइप करून एचआरला प्रत जोडली. मग स्क्रीन लॉक केली आणि जॅकेट चढवून खाली नमुने घ्यायला गेली.