टिकावाचा परिच्छेद

आर्थिक वर्ष संपायला थोडेच आठवडे उरले असताना, एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता, नदीकाठच्या रस्त्यावरील जुन्या छापखान्याच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत, वाचा-उपचार केंद्राच्या विश्वस्तांची बैठक भरली. पक्षाघाताने ज्यांचे बोलणे हिरावले गेले, त्यांना पुन्हा बोलते करणे हे या केंद्राचे काम. विश्वस्त तिघे होते: केंद्र उभारणारी आणि स्वतः उपचारक असलेली ताई, तिचा धाकटा भाऊ आणि बँकेतून निवृत्त झालेले खजिनदार काका. पुढच्या खोलीत एक ट्रकचालक आरशासमोर बसून ‘पाणी’ हा शब्द जुळवत होता. त्याच्या कानावर मोठा आवाज पडू नये म्हणून मागच्या खोलीतले भांडणही हळू आवाजात करावे, असा ताईचा दंडक होता.

केंद्राचे अर्ज भाऊ लिहीत असे. एका स्वल्पविरामासाठी तासभर वाद घालण्याच्या सवयीमुळे त्याला सगळे पंडित म्हणत. पंडिताचा अर्ज वाचायचा कंटाळा आला की दाते निमूटपणे पैसे देऊन टाकतात, असे काकांचे त्यावर मत होते.

केंद्राचा बहुतेक खर्च एका प्रतिष्ठानाच्या अनुदानावर चाले. ते संपत आले होते आणि पुढच्या तीन वर्षांसाठी नवा अर्ज करायचा होता. अर्जात सर्वांत अवघड प्रश्न टिकावाच्या परिच्छेदातला असतो: आमचा हात निघाल्यावर हे काम कशावर उभे राहील? मागच्या खेपेस पंडिताने त्याला पाच स्रोतांचा तक्ता काढून उत्तर दिले होते. प्रतिष्ठान, एक औषध कंपनी, शेजारचे रुग्णालय, दरमहा देणगी देणारी माणसे आणि उपचारांचे शुल्क. प्रतिष्ठानाचा वाटा वर्षागणिक उतरता, इतर चौघांचा चढता. तक्ता सर्वांनी वाखाणला होता. या वेळी आकडे नवे घालायचे आणि अर्ज पाठवायचा, एवढेच काम बैठकीपुढे होते.

परंतु पंडिताने आकडे घालण्यापूर्वी इतर चारही स्रोतांना एक प्रश्न विचारून पाहिला होता: प्रतिष्ठान उद्या थांबले, तर तू राहशील का? उत्तरे त्याने बैठकीत सांगितली, आणि सांगताना त्याचा नेहमीचा वादाचा सूर कुठल्या कुठे गेला. कंपनी प्रतिष्ठान देईल त्याच्या निम्मे देते. तिकडे शून्य झाले की इकडेही शून्य. रुग्णालय दर रुग्णामागे पैसे मोजते, पण केंद्रात दोन पात्र उपचारक असतील तरच, अशी करारात अट आहे, आणि दुसऱ्या उपचारक मुलीचा पगार प्रतिष्ठानाच्या पैशातून होतो. दरमहा देणगीदारांपैकी बहुतेक प्रतिष्ठानाचेच कर्मचारी. त्यांची देणगी पगारातून परस्पर कापली जाते, आणि ती योजना प्रतिष्ठान ज्यांना अनुदान देते त्यांच्यापुरतीच आहे. उरले शुल्क. ते बहुतेकांना माफ होते.

“म्हणजे पाच दाते नाहीत, ताई. दाता एकच आहे. त्याने पाच अंगरखे घातलेत, एवढंच.”

काकांनी चष्मा पुसला. अंगरखे निदान धुतलेले आहेत, असे काहीतरी ते पुटपुटले. कोणी हसले नाही.

हे घडले कसे, हेही पंडिताला कळले होते. नवा दाता हवा असला की तो प्रतिष्ठानाच्याच अधिकाऱ्यांना फोन करी आणि ते आपल्या ओळखीतल्या कोणाकडे तरी शब्द टाकीत. असा दाता लवकर मिळे, पण त्याचा धागा प्रतिष्ठानाशीच बांधलेला असे. उलट, ज्यांचे केंद्राशी खरे नाते होते, त्या रुग्णांच्या घरच्यांकडे कधी कोणी देणगीचा एक पैसाही मागितला नव्हता. तो ताईचा नियम होता. या बहीणभावांच्या वडिलांची वाचा गेली तेव्हा गावभरच्या दवाखान्यांनी आधी पैशाची गोष्ट काढली होती. आपल्या दारात ते होणार नाही, असे तिने केंद्राच्या पहिल्याच दिवशी ठरवले होते.

पंडिताने दुसरा मसुदा आणला होता. त्यात धोका उघड मांडला होता आणि उपाय सुचवले होते: ऐपतीप्रमाणे शुल्क, बरे होऊन गेलेल्यांच्या कुटुंबांना नियमित देणगीचे आवाहन, दुसऱ्या उपचारकाचा पगार भागेल असा रुग्णालयाचा वाढीव दर, आणि वाईट दिवसांसाठी थोडा थोडा राखीव निधी. देणगी आणि उपचार यांचा संबंध राहू नये म्हणून मागणारी व्यक्ती उपचारक नसावी, हेही त्याने लिहिले होते.

ताईने मसुदा शेवटपर्यंत वाचला आणि पालथा ठेवला. तिचे म्हणणे थोडक्यात असे होते की आपण बुडतो आहोत, हे ज्याच्याकडे दोर मागायचा त्यालाच लिहून कळवणे हा शहाणपणा नव्हे. शिवाय तक्त्यातला एकही आकडा खोटा नाही.

“आकडे खरे आहेत,” पंडित म्हणाला. “त्यांची बेरीज खोटी आहे.”

“तुला वाक्य जमलं की तू खूश. मला महिनाअखेर पगार द्यायचे असतात.”

काकांनी ताईच्या बाजूने मत दिले. जुना तक्ता नव्या आकड्यांनिशी गेला. पंडितानेच तो पाठवला, आणि त्या दिवशी बहीणभाऊ घरी वेगवेगळ्या वेळी जेवले.

दोन आठवड्यांनी प्रतिष्ठानाच्या अधिकारी बाई केंद्र पाहायला आल्या. मितभाषी होत्या. त्यांनी ट्रकचालकाचे ‘पाणी’ ऐकले, दुसऱ्या उपचारक मुलीकडे बराच वेळ चौकशी केली, आणि मग मागच्या खोलीत तिघा विश्वस्तांपुढे येऊन कंपनीशी झालेला करार पाहायला मागितला. तो वाचून झाल्यावर त्यांनी रुग्णालयाचाही मागितला. पंडिताने दोन्ही दिले. काय होणार हे त्याला दिसत होते, आणि आपले म्हणणे खरे ठरण्याचा आनंद त्याला झाला नाही.

“आम्ही थांबलो तर यातलं काय उरेल?” त्यांनी ताईला विचारले.

ताईने भावाकडे पाहिले नाही. “शुल्क,” ती म्हणाली. “आणि ते आम्ही बहुतेकांकडून घेत नाही.”

“हे तुम्हाला अर्ज पाठवायच्या आधी माहीत होतं?”

“होतं. यानं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.”

पंडिताने दुसरा मसुदा पुढे केला. बाईंनी तो सावकाश वाचला. त्या म्हणाल्या की अशी परस्परांत अडकलेली नावे त्यांना अनेक तक्त्यांत दिसतात, आणि धोका लिहिणाऱ्या संस्थेला त्या घाबरत नाहीत. लपवणाऱ्या संस्थेला घाबरतात. मग त्यांनी कुटुंबांबद्दलच्या ओळीवर बोट ठेवले आणि हे ताईंना मान्य आहे का, असे विचारले.

ताई बराच वेळ गप्प राहिली. ती आयुष्यभर इतरांच्या अशा गप्प राहण्यातून शब्द बाहेर येण्याची वाट पाहत आली होती. तिची वाट पाहायला त्या खोलीत तिघे बसले होते.

“मागणं मला जमणार नाही,” ती शेवटी म्हणाली. “पण दुसरं कोणी मागत असेल, तर मी आता अडवणार नाही.”

बाईंनी दोन्ही करार नीट घडी करून परत दिले आणि उठता उठता निर्णय सांगितला.

“तीन वर्षांची शिफारस मी करणार नाही. एका वर्षाची करेन, या दुसऱ्या मसुद्यावर. त्या वर्षात दुसऱ्या उपचारकाचा पगार दुसरीकडून उभा राहिला नाही, तर केंद्र बंद होईल, आणि आम्ही ते थांबवणार नाही.”