गावाकडे पाठ

“देवाचं वस्त्र देवाच्या अंगावर चढेपर्यंत माणसाच्या डोळ्याला पडू द्यायचं नाही. झाकून ने, झाकून दे.”

दुर्गाकाकूंचं हे वाक्य उर्मिलेच्या कानात अजून जसंच्या तसं होतं. गिरगावात काकूंनी तिला देवांचे पोशाख शिवायला शिकवलं. पुढे काकू देवाघरी गेल्या, उर्मिला उपनगरात जेसल पार्कला राहायला आली, पण शिस्त मोडली नाही. बाळकृष्णाचा अंगरखा असो, देवीचं पातळ असो, टाका संपला की पांढऱ्या फडक्यात गुंडाळायचं आणि थेट घेणाऱ्याच्या हातात द्यायचं. एकेका अंगरख्याला पंधरवडा लागे. जरीचा धागा हाताने भरायचा, मोती सुईने ओवायचा, उलटी बाजूसुद्धा सुलटीसारखी. देवाला बोचता कामा नये.

बाजारात मात्र गोंदाने चिकटवलेले पोशाख ढिगाने मिळत होते. पूजेच्या सामानाचा कारखाना चालवणारा भूपेश सकाळीच फोनवर म्हणाला होता, “भाभी, तुमच्या हातात सफाई आहे. येऊन माझ्याकडच्या बायकांवर देखरेख करा ना. घरी बसून एकेक टाका, कितने दिन चलेगा? संध्याकाळपर्यंत सांगा, नाहीतर मी दुसरी कोणीतरी बघतो.”

कारखाना म्हणजे सकाळी जाणं, दिवेलागणीला येणं. सुई हातातून सुटणार हे तिला कळत होतं. पण ऑर्डरी तरी कुठे येत होत्या? येत त्या जुन्याच घरांतून.

“देवालाच विचार की,” तिचा नवरा शशिकांत पेपरमागून म्हणाला.

“विचारलं. तो हसतो नुसता.”

“मग खालच्या हेमालीला विचार. ती पत्ते टाकते.”

“माझा सोमवार आहे, अहो. सोमवारी पत्ते?”

“रमी खेळायला सांगतोय का मी?”

देव्हाऱ्यापुढे हात जोडून, तुझ्यावरचा विश्वास कमी झालेला नाही बरं का, असं सांगून उर्मिला खाली गेली. हेमाली गुजराती, वयाने लहान, टॅरोचं, म्हणजे पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचं, काम ती मनापासून करायची. तिने आधी चहा ठेवला. “चहा चालतो ना उपवासाला? बसा, उर्मिलाबेन. शू पूछवुं छे? म्हणजे, काय विचारायचंय?”

“इतकी वर्षं हळूहळू काम केलं. आता तरी फळ मिळेल का?”

“हो-नाहीचा सवाल आहे, पण चालेल. मनात तोच ठेवा आणि पत्ते पिसा. झालं असं वाटलं की थांबा.”

उर्मिलेने तांदूळ निवडावेत तसे पत्ते पिसले. डाव्या हाताने गड्डी कापली. वरचा पत्ता ती खालून वर पलटायला गेली, तर हेमालीने हात धरला. “असा नाही. पुस्तकाचं पान उलटतो तसा, बाजूने. नाहीतर सीधा पत्ता उलटा होईल आणि मी तुम्हाला उगाच घाबरवीन.”

पत्त्यावर एक तरुण कारागीर निघाला, बाकावर बसलेला. पुढे एप्रन, एका हातात हातोडी, दुसऱ्यात छिन्नी. समोरच्या गोल नाण्यावर तो चांदणी कोरत होता. बाजूच्या खांबावर सहा नाणी एकाखाली एक टांगलेली, एक बाकाखाली पडलेलं.

“आठ पेंटॅकल्स,” हेमाली खुशीत म्हणाली. “तुमचाच पत्ता. पेंटॅकल्स म्हणजे ही नाणी. नाणी म्हणजे माती, हातचं काम, घरखर्च. मातीचं कसं, पेरलं की लगेच उगवत नाही. या पत्त्यात लॉटरी नाही. माणूस शिकतोय, तेच काम पुन्हा करतोय, दर वेळी थोडं सुधारतोय. जवाब ‘हो’ आहे, पण मेहनतीचा ‘हो’.”

“कधी?”

“तारीख पत्ता सांगत नाही. याच्यानंतर नऊ येतो, त्यात बाई आपल्या बागेत आरामात उभी असते. आठमधला माणूस अजून बाकावरच आहे.”

उर्मिलेचा चेहरा पडला. “अजून एक काढू? यात काही ठाम नाही.”

“नाही हं. एकच सवाल दोनदा विचारला की पत्ते नाही, आपण बोलायला लागतो.” हेमालीने पत्ता तिच्याकडे सरकवला. “उलटा आला असता तर मी म्हणाले असते, मन नसलेलं काम, नुसती घाई. किंवा इतकी बारीकी की काम बाहेरच पडत नाही. सीधा आलाय. मी बोलणं बंद करते. तुम्ही बघा, काय दिसतं?”

उर्मिला बघत राहिली. चहावर साय धरली. कारागिराच्या पाठीमागे लांबवर छोटं गाव दिसत होतं, घरं, एक रस्ता.

“याची गावाकडे पाठ आहे,” ती म्हणाली.

“हं. काम करताना चांगलं आहे. लक्ष भटकत नाही.”

“पण याने नाणी टांगलीत, हेमाली. त्या रस्त्याने कोणी आलं तर त्याला दिसतील.” तिने टांगलेल्या नाण्यांवर बोट ठेवलं. “माझं एकही टांगलेलं नाही. मी सगळं झाकून देते.”

“झाकून? मग लोकांना कळणार कसं?”

“देवाच्या आधी माणसाने बघायचं नसतं.”

हेमाली गालात हसली. “आणि देवाच्या नंतर?”

उर्मिलेने काकूंचं वाक्य मनात पुन्हा म्हटलं. काकूंनी तेवढंच सांगितलं होतं: अंगावर चढेपर्यंत. पुढचं तिने स्वतःच वाढवून घेतलं होतं, उपवासात मीठही सोडावं तसं.

घरी येऊन तिने ट्रंक उघडली. तिच्या स्वतःच्या बाळकृष्णासाठी दर गोकुळाष्टमीला ती नवा अंगरखा शिवे, आणि जुना धुऊन जपून ठेवी. सगळे देवाने घातलेले. दुसऱ्याच्या देवाला ते द्यायचे नव्हतेच, पण दाखवायला कोणाची हरकत? पहिला अंगरखा हातात घेतल्यावर तिला हसू आलं. टाके बेडकासारखे उड्या मारत होते. शेवटच्याची उलटी बाजू कोणती ते तिलाही सांगता येईना.

बैठकीच्या खिडकीच्या गजाला दोरी बांधून तिने अंगरखे ओळीने लावले. पहिलाही लावला.

“हे काय, बाळकृष्णाची धुणी?” शशिकांतने विचारलं, आणि जवळ जाऊन एक अंगरखा उलटून पाहिला. “हे तू करतेस? मला वाटायचं, असंच काहीतरी शिवतेस.”

“तुम्हाला तरी कधी दाखवलं?”

शेजारची चांदणी विरजण मागायला आली, ती वाटी हातात तशीच घेऊन दोरीपुढे उभी राहिली. “काकू, आमच्या अन्नपूर्णेला असं मिळेल? पण मला घाई नाही हं.”

पंधरवडा लागेल, असं उर्मिला नेहमी ओशाळून सांगे. आज साधंच सांगितलं.

मग तिने भूपेशला फोन लावला. “भूपेशभाई, तुमची मेहेरबानी, पण मी घरीच शिवते. माझं अजून सुधारतंय.”

“सोचो, भाभी. नंतर जागा नसेल.”

“बरोबर आहे. नसू दे.”

फोन ठेवून ती देव्हाऱ्याकडे वळली. पत्त्याने हो म्हटलं होतं, हमी दिली नव्हती.

देव्हाऱ्याशेजारी नवं हिरवं पातळ, खांद्याचे टाके मापासाठी बाकी ठेवून, घडी करून ठेवलं होतं. उत्तनजवळच्या चौक गावच्या सरूबाईंच्या घरच्या एकवीरेसाठी. सुकी मासळी विकायला आलेल्या सरूबाईंनी मागच्या महिन्यात दारात बसून सांगितलं होतं, “आमची आय लय बारकी हाय, बाय. अंदाजानं शिवशील तं खांद्याला बसनार न्हाय. तू सोता ये, माप घे.” उर्मिलेने येते म्हटलं होतं, आणि ऑर्डरींच्या काळजीत जाणं पुढे ढकलत राहिली होती.

तिने पिशवीत टेप घेतली, सुईदोरा घेतला. पातळ पांढऱ्या फडक्यात गुंडाळलं, कारण ते अजून देवीने घातलं नव्हतं.

“आत्ता उत्तनच्या बाजूला? ऊन बघ,” शशिकांत म्हणाला.

“येते म्हटलं होतं,” ती म्हणाली, आणि देवाला नमस्कार करून चपला घातल्या.