घरचं कर्ज

लग्नाच्या बैठकीला पांडुरंगकाका आले तेच तोंड वाकडं करून. हेमचंद्रला वडील नव्हते, तेव्हा मुलाकडचे वडीलधारे म्हणजे हे काका. इथे आखातात, मुहर्रकला त्यांचं किराणा दुकान होतं. उधारी कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, हे ते माणसाच्या चपलांवरून ठरवत.

नवरीच्या, म्हणजे पूर्णिमाच्या, सनद भागातल्या फ्लॅटमध्ये हळदीकुंकू, पेढे, याद्या लिहायला कोरे कागद, सगळं मांडलेलं होतं. त्यात एक जाड फाइलही होती, आणि काकांचा राग त्या फाइलवर होता. पूर्णिमाचं हॉटेलांचे युनिफॉर्म शिवायचं वर्कशॉप, हेमचंद्रचा अरादला एसी दुरुस्तीचा धंदा. दोघांनी लग्नाआधी करार करायचं ठरवलं होतं. ज्याचा धंदा त्याचा, त्यातली कमाई त्याची, ज्याचं कर्ज त्यानं फेडायचं. घरखर्चाचं खातं तेवढं दोघांचं, आणि पुढे घर घेतलं तर जो जेवढे पैसे घालेल तेवढा त्याचा हिस्सा.

पूर्णिमाची वकीलबाई नाझिश फार गोड बोलायची नाही. तिनं सांगितलं होतं, की असा करार भारतातलं कोर्ट जसाच्या तसा मानेलच याची खात्री नाही, इथेही कुठला कायदा लागेल यावर वाद होऊ शकतो. म्हणून पोटगीवर पाणी सोडायचं कलम घालायचं नाही. हेमचंद्रचा वकील वेगळा हवा, सह्या लग्नाच्या बऱ्याच आधी आणि राजीखुशीनं हव्यात, आणि दोघांनी मालमत्ता नि देणी पूर्ण उघड करायची. एक देणं लपवलं, तर उद्या सगळ्याच कागदावर संशय घेतील.

पूर्णिमानं हे मनावर घेतलं होतं. आठ वर्षं मशीनवर मान मोडून उभं केलेलं वर्कशॉप ती कुणाच्या व्हॅनच्या हप्त्यात विरघळू देणार नव्हती. हेमचंद्र आवडतच होता. पण आवडणं वेगळं आणि त्याच्या बँकेला जामीन राहणं वेगळं.

"लग्न ठरवताना मोडायच्या गोष्टी," काका म्हणाले. "आमच्यात असलं नसतं."

"मोडायच्या नाहीत हो काका," पूर्णिमाचा भाऊ प्रवीण समजुतीनं म्हणाला. तो अकाउंटंट, समजूत घालायची त्याला सवयच. "कुणाचं काय आहे, एवढंच लिहिलंय. वाचा तरी."

वाचायला म्हणून काकांनी चष्मा चढवला. पूर्णिमाची मशीनं बघितली, हूं केलं. हेमचंद्रच्या देण्यांचं पान आलं. बँकेचं कर्ज होतं, दोन व्हॅनचे हप्ते होते, सुट्या भागांच्या दुकानदाराची बाकी होती. काकांचं बोट पानाच्या तळाशी गेलं, पुन्हा वर आलं, पुन्हा तळाशी गेलं.

"माझे कुठायत?"

कुणाला काही कळेना. हेमचंद्रला मात्र कळलं असावं, कारण तो पेढ्यांकडे बघू लागला.

"माझे साडेतीन हजार दिनार. गाळा घेताना दिलेले."

"काका, ते घरचे," हेमचंद्र पुटपुटला. "घरच्या पैशाला कर्ज कोण म्हणतं?"

"मी म्हणतो," काका म्हणाले.

लपवायचं म्हणून हेमचंद्रनं लपवलं नव्हतं, हे पूर्णिमाला चेहऱ्यावरून दिसत होतं. पण कागदाला चेहरा दिसत नाही. वर काका सहजच बोलून गेले, की घाई नाही, लग्नानंतर दोघं मिळून फेडाल.

म्हणजे हे होतं तर. तिनं याद्यांचे कोरे कागद शांतपणे बाजूला सारले.

"काका, तुमचे पैसे लिहायलाच हवेत. नाही लिहिले तर मी सही करणार नाही, ना करारावर, ना याद्यांवर. फक्त कुणाच्या नावावर लिहायचे, ते आत्ता ठरू दे."

काकांनी पुतण्याकडे बघितलं. पुतण्यानं पेढ्यांवरची नजर काढली.

"माझ्या एकट्याच्या," हेमचंद्र म्हणाला. "गाळा माझा आहे. पूर्णिमाच्या वर्कशॉपकडे बघायचंही नाही कुणी. काका, तुम्हीसुद्धा."

काकांनी फाइल पुढे सरकवली. मग प्रवीणला म्हणाले, "लिही रे. आणि माझी सही लागत असेल तर तीही घे. उद्या कुणी म्हणायला नको, म्हाताऱ्यानं सुनेकडे तगादा लावला."

मघापर्यंत अपशकुनी असलेला कागद आता काकांना फार मोलाचा झाला. तारीख घाल, दिनार अक्षरात लिही, गाळ्याचा नंबर टाक, अशा सूचना त्यांनी इतक्या केल्या, की प्रवीणनं शेवटी पेन त्यांच्याच हातात दिलं. मग याद्याही झाल्या.

वकिलांनी मसुदा पुन्हा केला. काकांच्या वेगळ्या पत्रात लिहिलं होतं, की ही रक्कम ते फक्त हेमचंद्रकडूनच मागतील. मनामाच्या ऑफिसात सह्यांच्या दिवशी दोघांचे वकील समोरासमोर बसले, आणि नाझिशनं हेमचंद्रला हिंदीत विचारलं, की देण्यांची माहिती पूर्ण आहे ना.

"अब पूरी है," हेमचंद्रच्या आधी काकांनीच सांगितलं.

नाझिश कधी नव्हे ती हसली. पूर्णिमानं पानापानावर सही केली, शेवटच्या पानावर जरा मोठीच. बाहेर आल्यावर काकांनी तिला हळूच गाठलं. त्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरत होतं, आणि दुकानात त्याचा भाग होता.

"तुझी ही वकीलबाई," ते म्हणाले, "माझ्याकडून जास्त घेणार नाही ना?"