लागू नाही

'नाव हीच माणसाची खरी मालमत्ता. घरदार जातं, दात जातात, पण नाव उरतं!' असं हेडमास्तरांनी जेवणाच्या टेबलाशी बसून जाहीर केलं, समोरचा व्हिसाचा अर्ज सरळ केला, पेनाचं टोपण काढलं आणि बायकोला विचारलं, 'अगं, तुझं पासपोर्टातलं नाव काय आहे?'

बाई भाजी निवडत होत्या. 'तुम्हीच दिलंय. तुम्हालाच माहीत.'

ते खरंच होतं. लग्नात बाईंचं आडनाव बदललं, मधलं नाव बदललं, आणि पहिलंही बदललं. पहिलं बदलायचं कारण म्हणजे हेडमास्तरांच्या आत्या. आत्यांचं आणि नव्या सुनेचं नाव एकच निघालं. एका घरात एकाच नावाच्या दोघी असल्या तर सुनेला रागवताना आत्यांचा अपमान होईल, असा पेच होता. म्हणून सुनेला नवं नाव मिळालं. आत्या पुढे थोड्याच काळात गेल्या. जुनं नाव मात्र परत आलं नाही. घेतलेली वस्तू परत करायची त्या घराला सवय नव्हती. शेजारचा पाना अजून माळ्यावर आहे.

ते जुनं दोन अक्षरी नाव आता जगात एकाच तोंडात उरलं होतं: थोरल्या बहिणीच्या. थोरली मुलापाशी, परदेशात. आजारी होती, आणि बरी होणार नव्हती. भाच्याने निमंत्रणाचं पत्र पाठवलं होतं, 'मावशी, लवकर ये. आई रोज विचारते.' फोनवर थोरली दिसायची ती उशीत रुतलेली, पण जीभ जागेवर.

'कधी निघतेस गं? लहानपणापासून तुझं असंच. शाळेची घंटा झाली तरी वेणी चालूच.'

'आलेच. अर्ज भरतायत.'

'कोण? मास्तर? मग मला अजून बरेच दिवस काढायला लागणार.'

हेडमास्तर पलीकडच्या खोलीतून 'ऐकलं मी!' म्हणाले, आणि अधिकच काळजीपूर्वक भरू लागले.

अर्जातल्या फॅमिली नेमच्या रकान्यापाशी ते थबकले. त्यांनी विचार केला. फॅमिली म्हणजे कुटुंब, कुटुंबाचा प्रमुख मी. त्यांनी तिथे स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, शाळेच्या दप्तरात लिहावं तसं ठसठशीत. गिव्हन नेममध्ये बायकोचं एकटं नाव लिहिलं, कारण ते खरोखरच दिलेलं होतं. मग आला मेडन नेमचा रकाना.

'लग्नाआधीचं आडनाव,' बाई म्हणाल्या. 'मी सांगू?'

'ते आता कुठल्या कागदावर आहे? रेशनवर नाही, बँकेत नाही, पासपोर्टात नाही. जे नाही ते लिहिलं की खोटी माहिती होते.' आणि त्यांनी लिहिलं, 'लागू नाही.' खाली प्रश्न होता, कधी दुसऱ्या नावाने ओळखल्या जात होतात का? तिथे त्यांनी 'नाही'वर खूण केली. खूण फार देखणी होती.

व्हिसा केंद्र म्हणजे एक लांबट खोली. खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या, त्यामुळे एक माणूस हलला की अख्खी रांग हलायची. भिंतीवर न हसता फोटो कसा काढावा याचं चित्र, आणि त्याखाली सगळी माणसं त्याचीच तालीम करत बसलेली. काउंटरवरच्या मुलीने अर्ज उघडला आणि पासपोर्ट शेजारी ठेवला.

'काका, फॅमिली नेममध्ये तुमचं नाव आहे.'

'मी कुटुंबप्रमुख आहे.'

'हो, पण प्रवास काकू करणार आहेत.' तिने पासपोर्टाचं पान फिरवून दाखवलं. 'इथे सरनेमच्या ओळीत जे छापलंय, तेवढंच आडनाव फॅमिली नेममध्ये. आणि गिव्हन नेमच्या ओळीत काकूंचं नाव आणि पुढे तुमचं नाव, दोन्ही आहेत. तर गिव्हन नेममध्ये दोन्ही. पासपोर्टात जसं तसं, एक अक्षर इकडेतिकडे नाही.'

'म्हणजे माझं नाव हे तिला गिव्हन?'

'पासपोर्ट तरी तसंच म्हणतोय, काका.'

मागच्या रांगेतलं कोणीतरी फिसकन हसलं. न हसण्याची तालीम फुकट गेली.

'आणि लग्नानंतर जिने आडनाव बदललंच नाही, ती काय लिहिणार?' हेडमास्तरांनी तोंडी परीक्षा घेतली.

'माझंच तसं आहे. पासपोर्टात माहेरचंच आडनाव, म्हणून माझं फॅमिली नेमही तेच आणि मेडन नेमही तेच. मॅरिड नेम असा वेगळा रकाना असला, तर लग्नाने आलेलं आडनाव वापरत असेन तरच तिथे लिहायचं. सासूबाईंना अजून पटलेलं नाही, पण अर्जाला पटतं.' तिने दुरुस्त्या करून घेतल्या, आणि बोट पुढच्या रकान्यावर आलं. 'जन्माचं आडनाव... लागू नाही? काकू, तुमचं माहेरचं आडनावही हेच होतं का?'

बाईंनी तोंड उघडलं.

'लागू नाही,' हेडमास्तर म्हणाले. 'नीट विचार करून लिहिलंय.'

मुलगी बाईंकडे बघत राहिली. बाईंनी तोंड मिटलं. इतक्या वर्षांच्या सवयीने ते आपोआप मिटायचं, चांगल्या डब्याच्या झाकणासारखं. मुलीने शिक्का मारला.

उत्तर आलं ते नकाराचं. कारण एका ओळीत होतं. निमंत्रण देणाऱ्या कुटुंबाशी अर्जदाराचं सांगितलेलं नातं कागदांवरून दिसून येत नाही.

'म्हणजे ते म्हणतात की तू तुझ्या बहिणीची बहीण नाहीस!' हेडमास्तर संतापले. 'यांना काय कळतं?'

'बरोबरच म्हणतात,' बाई म्हणाल्या. 'कागदावर मी फक्त तुमचीच आहे.'

भाच्याचा फोन आला. 'मावशी, जन्माच्या आडनावाला लागू नाही कोणी लिहिलं? आईच्या पासपोर्टात बाबांचं आडनाव, तुझ्या पासपोर्टात काकांचं. तुम्ही दोघी एका घरातल्या, हे त्यांना कळणार कशावरून? तेवढं एक आडनाव तर दोघींत सारखं आहे.'

हेडमास्तर कपाळाचा घाम पुसत खिडकीपाशी गेले आणि खूप वेळ बाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. पाण्याची टाकी होती.

नवा अर्ज बाईंनी स्वतः भरला. चष्मा लावून, प्रत्येक रकाना बोटाने धरून. फॅमिली नेममध्ये सासरचं आडनाव. गिव्हन नेममध्ये आपलं नवं नाव आणि नवऱ्याचं, पासपोर्टात होतं तसं. जन्माच्या आडनावात फक्त माहेरचं आडनाव. वडिलांचं नाव तिथे नाही, त्याला पुढे वेगळा रकाना होता. आणि दुसऱ्या नावाने ओळखल्या जात होतात का? हो. पहिलं नाव: ती दोन अक्षरं. आडनाव: माहेरचं. कधीपर्यंत: लग्नापर्यंत.

तिथे पेन थांबलं. 'लग्नापर्यंत' खरं नव्हतं. परवाच्या फोनपर्यंत ते नाव चालूच होतं. पण अर्जाला तेवढं खोलात जायचं नव्हतं.

सोबत लग्नाचा दाखला जोडला. त्यावर लग्नाआधीचं नावही होतं. ट्रंकेतून दोघी बहिणींचे शाळेचे दाखले निघाले. दोन्हींवर बापाचं नाव एक, आडनाव एक. हेडमास्तरांनी त्यांच्या प्रती काढून आणल्या. येताना न सांगता प्रतिज्ञापत्रही करून आणलं, की ही दोन्ही नावं एकाच बाईची. खाली त्यांची सही होती. ती या वेळी फारशी देखणी नव्हती.

अर्ज गेला. थोरली फोनवर आता कमी बोलायची. एकदा नुसती बघत राहिली, मग तिने ते नाव घेतलं आणि विचारलं, 'झाली का वेणी?'

'झालीच. रिबीन बांधतेय.'

'मी पुढे होते मग. ये मागून.'

त्यानंतर फोन भाच्याचाच यायचा. एके सकाळी आला तेव्हा तो काही क्षण बोललाच नाही, आणि बाईंनी पातेलं गॅसवरून खाली उतरवून ठेवलं.

दोन दिवसांनी त्याचा पुन्हा फोन आला. आवाज खोल गेलेला.

'मावशी, इथे मृत्यूची नोंद करायला बसलोय. फॉर्म आहे. आईचं गिव्हन नेम लिहिलं, लग्नानंतरचं आडनाव लिहिलं, लग्नाआधीचं लिहिलं. आता विचारतायत, तिच्या आईचं माहेरचं आडनाव. आजीचं. मला माहीतच नाही गं. आईला कधी विचारलंच नाही.'

उभ्या असलेल्या बाई खुर्चीत बसल्या. ते आडनाव त्यांनीही कित्येक वर्षांत उच्चारलं नव्हतं. क्षणभर येईना. मग आलं, आजोळच्या ओट्यासकट, आणि थोरलीच्या हातात धरलेल्या आपल्या हातासकट.

त्यांनी ते सांगितलं. एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. भाच्याने परत वाचून दाखवलं.

'बरोबर,' त्या म्हणाल्या. 'आता नीट लिही. तिथे लागू नाही लिहू नकोस.'

हेडमास्तर दारात उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा काढला.

पासपोर्ट आला तो त्याच आठवड्यात. कुरियरवाल्याने सही मागितली. आत व्हिसा होता, फोटोतल्या बाई नियमाप्रमाणे न हसलेल्या. नाव, आडनाव, सगळं बिनचूक. जुनं नाव त्यावर नव्हतं. ते अर्जातच राहिलं, कुठल्याशा कपाटात.

'जायचंय का?' हेडमास्तरांनी विचारलं. 'अजून मुदत आहे.'

'कोणाकडे?'

संध्याकाळ झाली. बाई पलंगावर पाठ टेकून बसल्या होत्या, पासपोर्ट मांडीवर. हेडमास्तर येऊन कडेला बसले. घसा साफ केला. आयुष्यभर भाषणं केलेल्या माणसाला चार शब्द जुळवताना फार वेळ लागला.

'मी काय म्हणतो... ते तुझं नाव. ती हाक मारायची ते. आता कोणीच नाही ना मारणारं. तर मी मारली तर... चालेल का तुला?'

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं.

'नको,' त्या म्हणाल्या. 'तुमच्या तोंडून आत्यांनाच बोलावल्यासारखं वाटेल.'

हेडमास्तरांनी मान हलवली. ते उठायला लागले, तशी बाईंनी पासपोर्ट उशाखाली सरकवला आणि डोळे मिटले.

'अहो,' त्या म्हणाल्या, 'जाताना तेवढा पंखा एकवर करा.'